बाथरूमच्या कामाचं कॅरोसेल: आधी, मधलं, नंतर आणि खरा खर्च

पुण्यात नव्याने घरदुरुस्तीची कामं घेणाऱ्या बहुतेकांच्या इन्स्टाग्राम कॅरोसेलमध्ये एक जुना फोटो असतो, एक चकचकीत नवा फोटो असतो आणि शेवटी ‘दरासाठी मेसेज करा’ असं लिहिलेलं असतं. बघणाऱ्याला टाइल आवडते, पण आपल्या घरातलं काम या माणसाला द्यावं की नाही, हे त्यावरून ठरवता येत नाही. बाथरूमच्या कामातला महत्त्वाचा भाग टाइलच्या मागे असतो आणि तो काम चालू असतानाच दिसतो. खर्चही तसाच आहे. टाइलच्या मागचा आणि डोळ्याला दिसणारा, असे त्याचे दोन भाग वेगळे करून दाखवले नाहीत तर आकडा कितीही खरा असला तरी वाचणाऱ्याच्या उपयोगाचा राहत नाही.

म्हणून मी इथे एकच काम घेतो आणि त्याचं कॅरोसेल पहिल्या फोटोपासून खर्चाच्या स्लाइडपर्यंत कसं उभं करायचं ते सांगतो. कोथरूडमधली तीसेक वर्षांची सोसायटी, चार मजले, लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावरचं बाथरूम ७ फूट बाय साडेचार फूट. खालच्या घराच्या छतावर तपकिरी डाग आणि रंगाचे पोपडे. पुण्याच्या जुन्या सोसायट्यांमध्ये नव्या कंत्राटदाराकडे सगळ्यात आधी येणारं काम बहुधा हेच असतं, त्यामुळे सुरुवात यापासून केलेली बरी.

तोडफोडीच्या आधी

पहिलं काम परवानगीचं. घरमालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर सरळ लिहून विचारा: ‘कामाचे फोटो आणि खर्चाचे आकडे मी टाकले तर चालेल का? नाव, फ्लॅट नंबर, सोसायटीचं नाव येणार नाही.’ उत्तर लेखी येऊ द्या. खालच्या घराच्या छताचा फोटो हवा असेल तर त्या घरच्यांना वेगळं विचारावं लागतं. वरच्यांची परवानगी त्यांना लागू होत नाही. गळतीवरून दोन घरांत आधीच ताण असतो. खालच्या काकूंना ‘काम झाल्यावर तुमचं छत कोरडं झालेलंही दाखवणार आहे’ असं सांगितलं की त्या सहसा नाही म्हणत नाहीत. लिहिताना जागा ‘कोथरूड परिसर’ एवढीच ठेवा.

‘आधी’चा फोटो घाईत काढला की नंतर त्याची जोडी जमत नाही. उभं राहायची जागा पक्की करा. दाराची चौकट बदलली जाणार असते, म्हणून खूण बाहेरच्या पॅसेजमधल्या फरशीच्या सांध्यावर धरा. फोन छातीच्या उंचीला, उभा, आणि लेन्स साधी म्हणजे १ वर. ०.५ ची रुंद लेन्स लावली तर साडेचार फुटी बाथरूम सहा फुटी वाटतं, आणि मग घर बघायला बोलावणारा माणूस तुमच्याकडून तेवढ्या जागेची अपेक्षा ठेवतो. ‘आधी’ साध्या लेन्सने आणि ‘नंतर’ रुंद लेन्सने काढणं ही तर सरळ फसवणूकच आहे. वेळही लिहून ठेवा. सकाळी दहाला खिडकीतून येणारा उजेड संध्याकाळी सहाला मिळणार नाही.

‘आधी’ मुद्दाम केविलवाणं करू नका. कोणाचे ओले कपडे, मळकी बादली फ्रेममध्ये कशाला? ते त्या घराच्या रोजच्या जगण्याचा भाग आहे. बाथरूम रिकामं करून, पुसून फोटो काढा. खरा दोष तरीही दिसतो: नहाणी ट्रॅपच्या भोवती उघडलेले सांधे, भिंतीच्या तळाशी फुगलेल्या टाइल्स, पोकळ वाजणारी फरशी. एक फोटो पूर्ण खोलीचा, एक दोषाचा जवळून, एक खालच्या छताचा. ‘आधी’साठी एवढे तीन पुरतात.

टाइलच्या मागचं

कॅरोसेलचा जीव मधल्या स्लाइड्समध्ये आहे. इथे चार टप्पे दाखवायचे आणि प्रत्येकाखाली एकच वाक्य लिहायचं.

पहिला टप्पा उघड्या स्लॅबचा. जुन्या इमारतींत बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला असतो आणि तो खड्डा विटांच्या तुकड्यांच्या कोब्याने भरलेला असतो. वर्षानुवर्षं झिरपलेलं पाणी त्या कोब्यात साठून राहतं. म्हणूनच नुसते सांधे परत भरले किंवा जुन्या टाइलवर नवी टाइल चिकटवली तरी काही महिन्यांत खालच्या छतावर डाग पुन्हा उमटतो. कोबा पूर्ण काढून स्लॅबपर्यंत गेल्याचा फोटो हा तुमच्या कामाचा सगळ्यात मोठा पुरावा. फोटोत टेप उभी धरा, म्हणजे किती खोल खणलं ते कळेल. आमच्या कामात दहा इंच होतं. स्लॅबची सळई उघडी पडलेली किंवा गंजलेली दिसली तर तोही फोटो काढून त्याच दिवशी मालकांना पाठवायचा, कारण त्याचा खर्च वेगळा असतो.

दुसरा टप्पा पाइपांचा. भिंतीत सीपीव्हीसी पाइप बसले, खाचा अजून बुजवलेल्या नाहीत, अशा वेळी चारही भिंतींचे फोटो घ्या. प्रत्येक फोटोत जमिनीपासून आणि कोपऱ्यापासूनचं अंतर टेपने दिसलं पाहिजे. हे फोटो फक्त जाहिरातीसाठी नाहीत. दोन वर्षांनी त्या घरात कोणी आरशासाठी ड्रिल करायला घेईल, तेव्हा पाइप कुठून गेलाय ते याच फोटोंवरून कळेल. पूर्ण संच मालकांना द्या, कॅरोसेलमध्ये एक वापरा. शक्यतो दाबाची चाचणी चालू असतानाचा, गेजचा काटा दिसणारा घ्या. खाचा बुजवल्यावर चाचणी घेऊन उपयोग नाही. सांधा गळला तर भिंत पुन्हा फोडावी लागते.

तिसऱ्या टप्प्यासाठी मी नेहमी दोन स्लाइड्स राखून ठेवतो: वॉटरप्रूफिंग आणि पाणी भरून घेतलेली चाचणी. स्लॅब आणि भिंत मिळते तिथे मसाल्याचा गोल उतार करतात, ज्याला आपले गवंडी ‘वाटा’ म्हणतात. काटकोनातला कोपरा लेप चढवल्यावरही तडकू शकतो, म्हणून वाटा हवाच. तो जवळून दिसू द्या. लेप भिंतीवर किती वर नेलाय तेही दिसलं पाहिजे; शॉवरच्या बाजूला आम्ही तो माणसाच्या डोक्याच्या वर नेतो, बाकी भिंतींना फूटभर.

मग ट्रॅप बंद करून पाणी भरायचं आणि निदान ४८ तास तसंच ठेवायचं. भिंतीवर पाण्याच्या पातळीची खूण करा, शेजारी तारीख आणि वेळ लिहिलेली चिठ्ठी चिकटवा, फोटो काढा. पाणी थोडं उडून जातंच, विशेषतः एप्रिल-मेमध्ये, आणि मग पातळी उतरली ती उडून की झिरपून, असा प्रश्न पडतो. त्यावर सोपा उपाय आहे. त्याच बाथरूममध्ये एका पसरट टोपात पाणी भरून त्यावरही खूण करून ठेवा. दोन्हीकडे पातळी सारखीच उतरली तर पाणी उडालं. जमिनीवरचं जास्त उतरलं तर कुठेतरी वाट आहे, आणि बहुतेक वेळा ती ट्रॅपच्या गळ्याभोवती सापडते. तिसऱ्या दिवशी त्याच कोनातून दुसरा फोटो काढा. खालच्या घरात जाऊन छताचाही घ्या. जुनी ओल लगेच जात नाही, पण नवा ठिपका किंवा थेंब दिसत नाही ना, ते बघायचं असतं.

बरेच नवे लोक हे दोन दिवस वाचवतात, कारण मालक घाई करतात आणि मजूर रिकामे बसतात. ते वाचवू नका. आणि चाचणी घेतली नसेल तर त्या कामाचं कॅरोसेल ‘गळती थांबवली’ म्हणून टाकू नका. ‘बाथरूम नवं केलं’ एवढंच लिहा.

चौथा टप्पा टाइल बसवण्याचा, आणि तो थोडक्यात आटपतो. यात फरशीचा ढाळ दाखवायचा. ग्राउट भरल्यावर दाराशी एक मग पाणी ओता आणि ते ट्रॅपकडे जाताना लहानसा व्हिडिओ घ्या. कॅरोसेलमध्ये फोटो आणि व्हिडिओ एकत्र चालतात. कोपऱ्यात पाणी थांबलं तर तो व्हिडिओ टाकायचा नसतो, ती फरशी दुरुस्त करायची असते.

‘नंतर’चा फोटो

पॅसेजमधली तीच खूण, तीच उंची, तीच लेन्स, तीच वेळ. फिल्टर नको, टाइलचा रंग बदलून दिसला की दुकानात जाऊन तीच टाइल शोधणाऱ्याची निराशा होते. फुलदाणी आणि मेणबत्त्या ठेवायच्या असतील तर ठेवा, पण त्याआधी रिकाम्या बाथरूमचा एक फोटो घ्या आणि जोडीला तोच वापरा.

माझ्या मते खरा ‘नंतर’ खालच्या मजल्यावर असतो. छत पूर्ण सुकायला आठवडे लागतात. पावसाळ्यात त्याहून जास्त. ओल्या छतावर रंग मारून लगेच फोटो काढला तर डाग फक्त झाकला जातो. छत सुकू द्या, मग रंग, आणि त्यानंतर वापर पूर्ववत सुरू होऊन महिनाभर झाल्यावरचा फोटो. त्यासाठी कॅरोसेल उशिरा टाकावं लागलं तरी चालेल.

खर्चाची स्लाइड

इथे बहुतेकजण अडखळतात. ‘९० हजारांपासून सुरू’ हे लिहिणं सोपं, पण त्या आकड्यात तुम्ही कधी एखादं काम पूर्ण केलंय का? केलं नसेल तर तो आकडा लिहू नका. खर्चाचा पट्टा, म्हणजे ‘इतके ते इतके’, लिहायचा तर त्याचं खालचं टोक म्हणजे ज्या रकमेत तुम्ही उद्या काम घ्यायला तयार आहात ती रक्कम, आणि वरचं टोक म्हणजे याच मापाच्या, याच प्रकारच्या कामाचं तुमचं आजवरचं मोठं बिल. दोन्ही टोकं स्वतःच्या बिलांतून काढा, दुसऱ्याच्या पोस्टवरून नको. अजून स्वतःची बिलं जमली नसतील तर पट्टा लिहू नका, फक्त झालेल्या कामाचा एक आकडा लिहा. तोही प्रामाणिकच असतो.

आमच्या कामाचा हिशोब मांडून दाखवतो. आकडे गोल केलेले आहेत, आणि ते याच मापाच्या, याच प्रकारच्या आमच्या कामांचे आहेत.

टाइलच्या मागचं काम असं: तोडफोड आणि तिसऱ्या मजल्यावरून राडारोडा खाली उतरवून टेम्पोने नेणं, १२ ते १८ हजार. प्लंबिंग, माल आणि मजुरी धरून, २२ ते ३२ हजार. भराव, वाटा, लेप आणि चाचणी, १० ते १६ हजार. टाइल बसवण्याची मजुरी, सिमेंट, वाळू, ग्राउट, १४ ते २० हजार. एकूण ५८ ते ८६ हजार.

डोळ्याला दिसणारं असं: टाइल्स १० ते १७ हजार. भिंती सात फुटांपर्यंत, दार-खिडकी वजा करून, फरशीसकट साधारण १७० चौरस फूट भरतात. तूटफूट आणि काप धरून १९० घ्यावे लागतात. कमोड, बेसिन, नळ, शॉवर, २८ ते ६० हजार. दार, खिडकीच्या पट्ट्या, दिवे, गिझरचा पॉइंट, एक्झॉस्ट पंखा, १६ ते २५ हजार. एकूण ५४ हजार ते १ लाख २ हजार.

दोन्ही मिळून १ लाख १२ हजार ते १ लाख ८८ हजार. त्यावर आमची देखरेख १२ टक्के. म्हणजे साधारण सव्वा लाख ते २ लाख १० हजार, अधिक १८ टक्के जीएसटी.

हा पट्टा एका ओळीत लिहिला तर वाचणारा म्हणेल, एवढा फरक कशाचा? दोन भाग केले की उत्तर त्याला स्वतःलाच दिसतं. मागच्या कामात फरक कमी आहे, आणि तो बराचसा मजला, भरावाची खोली आणि पाइपांच्या लांबीवर अवलंबून आहे. तिथे काटकसर करायला जागा नाही. दिसणाऱ्या भागात आकडा जवळजवळ दुप्पट होऊ शकतो, आणि तो निर्णय मालकांचा आहे. भिंतीत लपवलेल्या टाकीचा, जमिनीला न टेकणारा कमोड घ्यायचा की साधा, एवढ्या एका निवडीने बिल बरंच हलतं. बजेट कमी असलेल्या कुटुंबाला मी कमोड-नळांत खाली या म्हणून सांगतो. नळ पाच वर्षांनी बदलता येतो, लेप बदलायला सगळं बाथरूम पुन्हा फोडावं लागतं.

स्लाइडवर एवढा मजकूर मावणार नाही. मी असं लिहीन:

‘७ × ४.५ फूट बाथरूम, तिसरा मजला, लिफ्ट नाही.
टाइलच्या मागचं काम: ५८ ते ८६ हजार.
टाइल्स, कमोड, नळ, दार, दिवे: ५४ हजार ते १.०२ लाख.
देखरेख १२%. जीएसटी १८% वेगळा.
या घराचं बिल: १,७२,५०० + जीएसटी ३१,०५० = २,०३,५५०.’

आणि खाली महिना व वर्ष. जीएसटी वगळून आकडा मोठ्या अक्षरात आणि ‘कर वेगळा’ बारीक अक्षरात, असं करू नका. मालकांच्या खात्यातून शेवटी जी रक्कम जाते ती स्लाइडवर दिसली पाहिजे. तुमची जीएसटी नोंदणी नसेल तर कराची ओळच येणार नाही, पण मग तसं लिहा, म्हणजे दोन कंत्राटदारांची तुलना करणाऱ्याला फरक कळतो.

बिल ठरल्यापेक्षा वाढलं ते का

वरच्या हिशोबात या घराचं ठरलेलं काम १ लाख ६३ हजार ५०० चं होतं. बाकीचे ९ हजार ट्रॅपपासून भिंतीतून बाहेर डक्टकडे जाणाऱ्या बिडाच्या जुन्या पाइपच्या तुकड्याचे. कोबा काढल्यावर त्याला उभी चीर दिसली. काम तिथेच थांबवून मालकांना फोटो पाठवला, रक्कम सांगितली, त्यांचा होकार आल्यावर तुकडा बदलला. ही गोष्ट वेगळ्या स्लाइडवर जावी: चिरेचा फोटो आणि खाली ‘फोडल्याशिवाय न दिसणारं. वाढीव ९ हजार, आधी विचारून.’ वाढलेला खर्च दाखवला तर गिऱ्हाईक पळेल असं नव्यांना वाटतं. जुन्या घरात राहणाऱ्या माणसाला फोडल्यावर काहीतरी निघणार हे माहीत असतं. त्याला भीती असते ती बिलाच्या वेळी आकडा अचानक समोर येण्याची.

त्याच स्लाइडवर पट्ट्यात काय धरलेलं नाही तेही लिहा. गंजलेल्या सळईची दुरुस्ती, खालच्या छताचा रंग, गिझर स्वतः, आणि इमारतीच्या बाहेरची सामाईक ड्रेनेज लाइन. शेवटची बाब महत्त्वाची आहे. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे संडास-बाथरूमच्या आतल्या गळतीचा खर्च त्या सभासदाचा, आणि बाहेरच्या सामाईक पाइपांच्या गळतीचा खर्च संस्थेचा. डाग बाहेरच्या पाइपमुळे पडत असेल तर बाथरूम फोडून उपयोग नाही, हे मालकांना आधी सांगणं तुमचं काम आहे.

जुळणी

इन्स्टाग्राम एका कॅरोसेलमध्ये २० पर्यंत फोटो घेतं, पण या कामाला दहा पुरतात. पहिल्या स्लाइडवर ‘नंतर’चा फोटो आणि त्यावर माप, परिसर, एकूण रक्कम. मग ‘आधी’ची खोली, दोष आणि खालचं छत एका स्लाइडवर, उघडा स्लॅब, पाइप, लेप व वाटा, चाचणीची फोटोजोडी, ढाळाचा व्हिडिओ, कोरडं छत, खर्च, वाढीव खर्च. या क्रमात रक्कम पहिल्याच स्लाइडवर येते, कारण ज्याला ती परवडणार नाही त्याला दहा वेळा बोट सरकवायला लावू नये.

सगळ्या स्लाइड्स १०८० बाय १३५० च्या एकाच मापात करा. पहिल्या फोटोचा आकार बाकीच्यांना लागतो, त्यामुळे मापं वेगळी असली तर बाकीच्या फोटोंचे कडेचे भाग कापले जातात. मजकूर पाठवण्याआधी फोनवर बघा, मराठी अक्षरांच्या वेलांट्या आणि उकार ओळींमध्ये अडकले तर ओळींतलं अंतर वाढवा.

पोस्टखाली कोणीतरी लिहिणारच, ‘आमच्याकडे हेच ७० हजारांत होतं.’ वाद घालू नका. ‘कोबा काढून की टाइलवर टाइल?’ एवढं विचारा. टाइलवर टाइल हे वाईट काम नाही. गळती नसलेल्या बाथरूमचं रूप बदलायला ते चांगलं आणि स्वस्त पडतं, फक्त ते वेगळं काम आहे, आणि तुम्ही ते करत असाल तर त्याचं वेगळं कॅरोसेल करा.

पोस्ट एकदा टाकल्यावर स्लाइडमधला फोटो बदलता येत नाही, खालचा मजकूर मात्र बदलता येतो. म्हणून स्लाइडवर त्या कामाचे, त्या महिन्याचे आकडे कायम राहू द्या, आणि सिमेंट, पाइप किंवा मजुरी वाढली की खालच्या मजकुरात पहिल्या ओळीत लिहा: ‘आजच्या दराने हेच काम इतके ते इतके.’ मी दर तीन महिन्यांनी, नवं कोटेशन बनवताना, जुन्या पोस्टांवरून एकदा हात फिरवतो.